एडिट केल्यावर नवरीच्या हाताला सहा बोटं येतायत, दुरुस्त कसं करू?

मिरजेचा_फोटोवाला

नमस्कार मंडळी. लग्नाचे फोटो काढतो, अल्बम स्वतःच बनवतो. एका फोटोवर चार दिवस अडकलोय म्हणून धागा काढतोय.

नवरी पाटावर बसलीय, उजवा हात मांडीवर पालथा, आणि त्या हातात मोबाईल. वऱ्हाडातल्या कुणीतरी तेवढ्यात तिच्या हातात दिला होता. फोटो एवढा सुंदर आलाय की तिच्या आईला तोच अल्बमच्या पहिल्या पानावर हवाय, पण मोबाईलशिवाय. मोबाईल अंगठा आणि बाकीच्या बोटांच्या मध्ये धरलाय, त्याचं वरचं टोक तर्जनीच्या बाजूने बाहेर आलंय.

मी AUTOMATIC1111 वापरतो, एसडी १.५ चं इनपेंटिंग मॉडेल, कार्ड ८ जीबीचं. मोबाईलवर मास्क लावून काढायला सांगितलं. मोबाईल गेला, पण त्याच्या जागी बोट आलं. चाळीसेक वेळा करून पाहिलं. त्यातले दोन निकाल जरा बरे आहेत, त्यांना अ आणि ब म्हणू. दोन्हींत अंगठा धरून सहा बोटं. निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये extra fingers, bad hands सगळं लिहिलंय, काही उपयोग नाही. शनिवारी अल्बम छपाईला द्यायचाय.

Inpaint area: Whole picture, 768x512, Denoising strength 0.75. फोटो मूळ ६००० x ४००० चा आहे.

---

निरंजन_कोथरूड

दादा, हे हाताने करत बसू नका. ADetailer एक्स्टेन्शन टाका, त्यात hand_yolov8n.pt निवडा. ते हात स्वतः शोधतं आणि स्वतः दुरुस्त करतं. आणि चाळीस निकाल डोळ्यांनी तपासण्यापेक्षा मीडियापाइपला तपासू द्या. ज्यात पाच बोटं तो ठेवायचा, बाकीचे फेकायचे. सुरुवातीला एवढं पुरे, फक्त mp.solutions असलेली मीडियापाइपची जुनी आवृत्ती लागेल:

```python
import cv2, mediapipe as mp
img = cv2.imread("haat.png")
hands = mp.solutions.hands.Hands(static_image_mode=True)
res = hands.process(cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2RGB))
for h in res.multi_hand_landmarks or []:
    print(len(h.landmark))
```

---

वाडीकर_आप्पा

माझ्या पुतण्याला जन्मापासून उजव्या हाताला सहा बोटं आहेत, करंगळीच्या बाजूला लहानसं जास्तीचं बोट. आता तो दीड वर्षाचा आहे. कुणी म्हणतं काढून टाका, कुणी म्हणतं राहू द्या. इथे कुणाला अनुभव आहे का? कोल्हापूर-सांगलीकडे कुणाला दाखवावं?

---

जुना_रिटचर

@मिरजेचा_फोटोवाला, अ आणि ब दोन्ही इथे टाका, आणि मूळ फोटोतला तेवढाच हात कापून टाका. तोवर दोन गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट आकाराची. तुमच्या ६००० पिक्सेल रुंद फोटोत हा पंजा किती रुंद आहे? अंदाजे ५०० धरू. Whole picture ठेवून तुम्ही सगळा फोटो ७६८ वर आणलात, म्हणजे पंजा उरला ६४ पिक्सेलचा. एसडी चित्रावर थेट काम करत नाही, ते चित्र आधी आठपट लहान करून घेतं. म्हणजे मॉडेलच्या हातात तुमचा पंजा आला आठ घरांचा. आठ घरांत चार बोटं, म्हणजे एका बोटाला दोन घरं, आणि त्यातच बोटांमधल्या फटी. तिथे बोट किती आणि फट किती हे मॉडेलला दिसतच नाही. त्यात निगेटिव्ह प्रॉम्प्ट काय करणार?

Only masked करा आणि Only masked padding ६४ ठेवा. मग ते फक्त पंजाच्या आसपासचा चौकोन कापून मोठा करतं, काम करतं आणि परत मूळ जागी चिकटवतं. ५०० च्या पंजाला दोन्ही बाजूंनी ६४ धरले तर ६२८, तो ताणून ७६८ झाला. आता त्याच पंजाला सत्तरच्या वर घरं मिळाली.

दुसरी गोष्ट, चाळीसवेळा फासे टाकून पाच बोटं येण्याची वाट बघू नका. बोटांची संख्या आपण ठरवायची. मॉडेलकडून फक्त कातडी, सावली आणि कडा घ्यायच्या.

---

मिरजेचा_फोटोवाला

टाकलेत तिन्ही. पंजा मोजला, ४८० पिक्सेल आहे.

---

जुना_रिटचर

पाहिले. बरेच लोक फक्त टोकं मोजतात आणि तिथेच फसतात. हात तीन पातळ्यांवर मोजायचा. अंगठा बाजूला ठेवून आधी नखं मोजा, मग मधले सांधे मोजा, मग मुठीचे उंचवटे मोजा. लहानपणी आपण मुठीवर महिने मोजायचो ना, जानेवारी उंचवट्यावर, फेब्रुवारी खाचेत, तेच उंचवटे. तिन्ही ठिकाणी चार यायला हवेत.

तुमच्या अ मध्ये नखं पाच, मधले सांधे पाच, पण उंचवटे चार. म्हणजे तळवा बरोबर आहे, आणि तर्जनी पहिल्या पेरानंतर दुभंगलीय, झाडाला फांदी फुटावी तशी. मोबाईलच्या जागेत जी गेलीय ती फांदी खोटी.

ब मध्ये नखं पाच, सांधे पाच आणि उंचवटेही पाच. म्हणजे मॉडेलने अख्खं जास्तीचं बोट मुळापासून दिलंय आणि त्यासाठी तळवा रुंद केलाय. एकटं पाहिलं तर ब जास्त नीटनेटकं वाटतं, म्हणून माणूस तेच निवडतो. मग जास्तीचं बोट खोडतो आणि हात तरीही विचित्र दिसत राहतो, कारण चार बोटं पाच बोटांच्या तळव्यावर बसलेली असतात आणि मध्ये दात पडल्यासारखी फट राहते. ते सुधारायचं तर तळवा अरुंद करावा लागतो, मनगटापर्यंत सगळं सरकवावं लागतं.

ब सोडा. अ घ्या.

---

निरंजन_कोथरूड

पण ही तीन पातळ्यांवरची मोजणी मीडियापाइप करतंच की. प्रत्येक बोटाचे चार बिंदू देतं, मनगट धरून एकूण २१. त्यातून सांधेही मिळतात.

---

जुना_रिटचर

तुमचाच कोड दादांच्या अ वर चालवा आणि काय छापून येतं ते सांगा.

---

निरंजन_कोथरूड

२१.

ब वरही २१. आणि मूळ फोटोवर, जिथे मोबाईलमागे निम्मा अंगठा दिसतही नाही, तिथेही २१. आता लक्षात आलं. त्याला हात सापडला की ते २१ बिंदू बसवतंच, बोटं दिसोत वा न दिसोत. सहावं बोट सांगायला त्याच्याकडे जागाच नाही. मी इतके दिवस याच्या भरवशावर चित्रं गाळत होतो, म्हणजे सहा बोटांची किती पुढे गेली असतील देव जाणे.

---

जुना_रिटचर

तरी ते टाकाऊ नाही, वापरायची पद्धत उलटी आहे. draw_landmarks ने ते बिंदू आणि रेषा चित्रावरच काढा, आणि ज्या बोटावर रेषा नाही ते शोधा. पाच बोटांवरून रेषा गेल्या आणि एक कोरडं राहिलं, तर जास्तीचं आहे हे नक्की. मात्र कोरडं राहिलेलंच बोट खोटं, असं समजू नका. अ मध्ये त्याने तर्जनीची रेषा खऱ्या बोटावरून नेलीय की फांदीवरून?

---

निरंजन_कोथरूड

फांदीवरून. खरी तर्जनी कोरडी राहिली.

---

जुना_रिटचर

म्हणून खरं कोणतं ते मूळ फोटोला विचारायचं. मूळ फोटो वरच्या थरात ठेवा, पारदर्शकता ५० टक्के करा. मोबाईलच्या बाहेर जी बोटं मूळ फोटोत दिसतात त्यांच्यावर जे तंतोतंत बसतं ते खरं.

ADetailer बद्दल. ते चेहऱ्याला उत्तम आहे. हातावर ते मुळात ०.४ च्या Denoising strength ने चालतं. एवढ्यात कातडी गुळगुळीत होते, नखं साफ होतात, पण बोटांची संख्या बदलत नाही. सहाची सहाच राहतात, फक्त जास्त खरी दिसायला लागतात. हे जास्त धोक्याचं.

---

मृण्मयी_हस्तोपचार

मी हाताला दुखापत झालेल्या रुग्णांचे व्यायाम घेते, दिवसभर लोकांची बोटंच बघते. एडिटिंगमधलं मला काही कळत नाही, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आधी @वाडीकर_आप्पा, हा धागा फोटोतल्या बोटांचा आहे, पण तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. बाळाला हातांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे किंवा बालशल्यचिकित्सकाकडे न्या. त्या जास्तीच्या बोटात हाड आणि सांधा आहे की नुसती कातडी आहे, हे ते एक्स-रे काढून पाहतील, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. दोरा बांधून पाडायचा घरगुती प्रकार कृपा करून करू नका.

त्यावरूनच इथल्या मंडळींना एक सांगते. माणसाच्या हाताला खरोखर जास्तीचं बोट असतं तेव्हा ते बहुतेक वेळा कडेला असतं, करंगळीच्या बाहेर किंवा अंगठ्याशी. मधल्या बोटांत जास्तीचं बोट फार क्वचित दिसतं. तुमच्या फोटोंत मात्र ते मध्येच उगवलेलं दिसतंय.

आता सांधे. आपल्याकडे जप पेरांवर मोजतात, तेच लक्षात ठेवा. चार बोटांची प्रत्येकी तीन पेरं मिळून बारा, आणि अंगठ्याची दोन. अंगठ्याला तिसरं पेर दिसलं तर ते बोट आहे, अंगठा नाही. पेरांची लांबी तळाकडून टोकाकडे कमी होत जाते: पहिलं सगळ्यात लांब, मधलं त्याहून आखूड, नखाचं सगळ्यात आखूड. मधला सांधा आणि नखाजवळचा सांधा दाराच्या बिजागरीसारखे असतात, तळव्याच्याच दिशेला वळतात, बाजूला वळत नाहीत. बोट मधल्या सांध्यात डावीउजवीकडे मोडलेलं दिसलं तर काहीतरी चुकलंय.

आणि नखं. बाकीच्या चार नखांची तोंडं साधारण एका दिशेला असतात. अंगठ्याचं नख त्यांच्यापासून जवळपास काटकोनात फिरलेलं असतं. पाचही नखं एका ओळीत समोर बघतायत असं चित्र पाहिलं की मला लगेच खटकतं.

---

जुना_रिटचर

मृण्मयीताई, पालथ्या हातावर बोटं लांब दिसतात आणि उताण्या हातावर आखूड, ते का? मी अनुभवाने तसं रंगवतो, कारण कधी कळलं नाही.

---

मृण्मयी_हस्तोपचार

बोटांमधली कातडीची बेचकी उंचवट्यापाशी नसते. ती पहिल्या पेराच्या मध्याच्या आसपास असते. पालथ्या हातावर तुम्ही बोट उंचवट्यापासून मोजता, उताण्या हातावर बेचकीपासून. हाड तेच, पण तळव्याच्या बाजूने अर्धं पेर झाकलेलं असतं. म्हणून पालथ्या हाताच्या फोटोत बेचकी थेट उंचवट्यांच्या ओळीत आली असेल तर बोटं चिकटवल्यासारखी दिसतात.

आणखी एक, आमच्याकडे बोटाचं हाड मोडून जुळल्यावर आम्ही रुग्णाला मूठ अर्धवट मिटायला सांगतो. सरळ बोटं समांतर दिसली तरी मिटताना चारही बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळाकडे, मनगटाच्या त्या बाजूला रोख धरतात. एखादं बोट शेजारच्यावर चढलं तर हाड फिरून जुळलंय हे कळतं. मिटलेल्या हाताच्या फोटोलाही हीच परीक्षा लावता येईल असं वाटतं.

---

मिरजेचा_फोटोवाला

ताई, हे फार उपयोगी आहे. मोबाईल धरलेला हात अर्धा मिटलेलाच आहे.

रात्री बसून केलं. अ घेतला, मूळ फोटो वर ठेवून खरी तर्जनी ओळखली, फांदीवर शेजारच्या शालूचं पोत क्लोन केलं. मग संपूर्ण पंजावर मास्क, Only masked, padding ६४, Denoising strength ०.६. परत सहा बोटं आली!

---

जुना_रिटचर

०.६ वर मास्कखालचा पंजा तुम्ही परत मॉडेलच्या हवाली केलात. तुमची मेहनत त्याने पुसली.

मास्क पंजावर नको. फांदी जिथे होती तेवढी जागा, आणि तर्जनीची अंगठ्याकडची कड, तिच्या दोन्ही बाजूंना २०-३० पिक्सेल, बस. Masked content: original. Denoising strength ०.३५. संख्या आता तुम्ही हाताने बरोबर केलीय, आणि एवढ्या कमी जोरात मॉडेल ती बदलू शकत नाही. ADetailer चा जो दोष होता तोच इथे आपल्या कामाला येतो.

आधी कड मात्र रंगवून घ्या. ब्रशने तर्जनीच्या त्या बाजूला कातडीहून थोडी गडद रेघ, आणि शालूवर बोटाची मऊ सावली. ओबडधोबड चालेल. शालूचं पोत थेट बोटाला भिडलेलं ठेवलंत तर मॉडेलला तिथे कड दिसत नाही आणि ते पुन्हा काहीतरी उगवायला बघतं.

प्रॉम्प्टमध्ये बोटांचा आकडा लिहू नका. मी five fingers लिहून आणि न लिहून खूपदा पाहिलं, मला फरक दिसला नाही. मास्कखाली काय आहे तेवढंच लिहा: हाताची कातडी, मेंदी, रेशमी कापड.

मास्क बोटाच्या मध्येच आडवा तोडू नका, हेही सांगून ठेवतो. मास्कबाहेर बोटाचं अर्धं थुटुक राहिलं तर मॉडेल त्याला टोक देणारच. संपवायचा तर बोटाच्या लांबीला समांतर, नाहीतर सांध्यावर.

---

सातारी_माई

धागा वाचून माझं दुःख बाहेर आलं, लिहिते.

आमच्या वडिलांची उजव्या हाताची अनामिका कडबा कुट्टीच्या यंत्रात गेली होती, अर्ध्यापासून. मी चार वर्षांची होते तेव्हा. ते जेवताना, पागोटं बांधताना, आम्हाला जवळ घेताना ते थुटुक बोट आम्ही आयुष्यभर पाहिलं. गेल्या वर्षी वर्षश्राद्धाला त्यांचा एक जुना फोटो स्वच्छ करून मोठा करायला दिला. फोटो आला तेव्हा चेहरा सुरेख झाला होता, आणि हात पूर्ण. पाचही बोटं धडधाकट. आईने फोटो हातात घेतला, हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, हा हात यांचा नाही. तो फोटो भिंतीवर लागलाच नाही.

कुणी मुद्दाम केलं नसेल हे मला कळतं. पण करणाऱ्याने एकदा तरी विचारायला हवं होतं.

---

जुना_रिटचर

माई, वाचून थांबलो. तुम्हाला सांगतो, जुन्या फोटोंच्या कामात मीही हात आधी पाहत नसे. मूळ प्रत असेल तर मला निरोप पाठवा, मी फक्त चेहरा आणि डाग दुरुस्त करून देईन, हाताला स्पर्शही करणार नाही.

इतरांसाठी: एडिटच्या आधी मूळ फोटोतला प्रत्येक हात मोजून कागदावर लिहा. उजवा चार आणि अंगठा, डावा चार आणि अंगठा, किंवा जे असेल ते. एडिटनंतर तेच आकडे जुळवायचे. पाचाशी जुळवायचं नाही, मूळ माणसाशी जुळवायचं. आपोआप हात शोधून दुरुस्त करणारी सगळी साधनं अशा कामात बंद ठेवा. आप्पांच्या पुतण्याचा फोटो उद्या कुणी असाच दुरुस्त केला तर त्याचंही करंगळीशेजारचं बोट जाईल.

---

निरंजन_कोथरूड

depth_hand_refiner चं काय? कंट्रोलनेटमध्ये आहे. २०२३ च्या हँडरिफायनर शोधनिबंधातून आलंय. ते हाताची त्रिमितीय जाळी बसवतं, त्या जाळीचा खोलीनकाशा काढतं आणि त्यावरून हात पुन्हा रंगवतं. म्हणजे संख्या जाळीच ठरवते.

---

जुना_रिटचर

चांगलं साधन आहे, मी वापरतो. पंजा मोकळा असेल, आशीर्वादाला उठलेला किंवा नमस्कारातला एखादा, तर फार छान बसतं. पण जाळी पाच बोटांचीच आहे, तेव्हा माईंच्या वडिलांसारख्या हाताला अजिबात लावायचं नाही. आणि हातात वस्तू असेल, बोटं झाकलेली असतील, तर जाळीच वाकडी बसते आणि मग चूक अधिक ठामपणे रंगवली जाते. लावण्याआधी खोलीनकाशाचं चित्र उघडून पाहा. त्यात अंगठा योग्य बाजूला नसेल तर पुढे जाऊच नका.

अंगठ्याची बाजू पटकन ओळखायची माझी रीत सांगतो. बोटं वर आहेत असं फोटो फिरवून धरा. उजवा हात असेल आणि तळवा दिसत असेल तर अंगठा उजवीकडे. उजवा हात पालथा, नखं दिसतायत, तर अंगठा डावीकडे. डाव्या हाताचं उलट. शंका आली तर स्वतःचा हात समोर धरून बघा. मीडियापाइपच्या Left/Right वर जाऊ नका, ते चित्र सेल्फीसारखं उलटं आहे असं धरून चालतं, साध्या फोटोत नाव उलट येतं.

---

मिरजेचा_फोटोवाला

झालं! बोटं पाच. नखं चार, सांधे चार, उंचवटे चार, अंगठा वेगळा आणि डावीकडे. ०.३५ ने काम केलं.

पण तर्जनी काहीतरी खटकतेय. मोजणीत बरोबर आहे, तरी बोट सापासारखं वळवळीत वाटतंय. फोटो टाकतोय. बायकोलाही तेच वाटलं.

---

मृण्मयी_हस्तोपचार

मी मोठा करून पाहिला. तर्जनीला उंचवट्यापासून नखापर्यंत किती ठिकाणी सुरकुत्यांचे आडवे पट्टे आहेत ते मोजा. दोन हवेत, मधल्या सांध्यावर एक आणि नखाजवळच्या सांध्यावर एक. मला तीन दिसतायत. मधल्या सांध्याच्या जरा अलीकडे एक जास्तीचा पट्टा आहे आणि तिथे कडही किंचित वाकलीय. म्हणजे चार पेरांचं बोट झालंय.

---

जुना_रिटचर

ताईंनी अचूक पकडलं. फांदी जिथून फुटली होती तिथल्या सुरकुत्या राहिल्या. फांदी गेली, तिचा सांधा राहिला. क्लोनने तो पट्टा काढा, शेजारच्या गुळगुळीत कातडीचा तुकडा घ्या, बोटाच्या लांबीच्या दिशेनेच. कड लिक्विफायने सरळ करा, अगदी चारपाच पिक्सेल. मग तेवढ्याच जागेवर ०.३.

मेंदीमुळे सांधे नीट दिसत नसतील तर चित्र कृष्णधवल करा. मेंदीची नक्षी सुरकुत्यांसारखी भासते, रंग गेला की नजर बाह्यरेषेवर जाते. आणि अंगठी पाहिलीत का? अंगठी पहिल्या पेरावर असते, उंचवटा आणि मधला सांधा यांच्यात. तुमच्या चित्रात अनामिकेची अंगठी ठीक आहे, पण अ च्या मूळ निकालात ती थोडी मधल्या बोटावर सांडली होती. तेही एकदा मोठं करून तपासा.

---

मिरजेचा_फोटोवाला

पट्टा काढला. आता बोट बोटासारखं दिसतंय. अंगठीही तपासली, ठीक आहे.

मेंदीची नक्षी मात्र दुरुस्तीच्या जागेवर अस्पष्ट झाली होती. लांबून मेंदी वाटते, जवळून नुसते तपकिरी ठिपके. त्याच दिवशीच्या दुसऱ्या फ्रेममध्ये तिचा तोच हात मोकळा आलाय, प्रकाशही त्याच बाजूचा. तिथून तर्जनीच्या पहिल्या पेरावरची वेल कापून, थोडी वळवून, Multiply थरात बसवली. कातडी मॉडेलची, मेंदी तिची स्वतःची. तिच्या आईला फोनवर मोठा करून दाखवला. त्यांनी आधी मेंदी पाहिली, मग म्हणाल्या, छापा.

सगळ्यांचे मनापासून आभार. पण अजून एक फोटो आहे. नवरानवरीचे हात एकमेकांत गुंफलेले, वर उपरण्याची गाठ, आणि त्यावर कुणाच्या तरी घड्याळाचा पट्टा आलाय. घड्याळ काढलं की बोटं नऊ येतात, कधी अकरा.

---

निरंजन_कोथरूड

दोन वेळा करा. आधी नवऱ्याचा हात मास्क करून तो पूर्ण करा, मग नवरीचा.

---

जुना_रिटचर

मी तसं करून पाहिलंय, मला जमलं नाही. गुंफलेल्या बोटांत एकाचं बोट दुसऱ्याच्या बोटाखालून जातं आणि पलीकडे पुन्हा दिसतं. पहिला हात केला की दुसऱ्याची मधली पेरं त्याच्यात विरघळतात. मी आता कागदावर दहाही बोटांना आकडे देतो, नवऱ्याची एक ते पाच, नवरीची सहा ते दहा. मग प्रत्येक बोट कुठे आत जातं आणि कुठे बाहेर येतं ते मूळ फोटोवर बाणांनी काढतो, आणि झाकलेला भाग हाताने रंगवतो. तरीही दोनातला एक फोटो फसतो.

---

निरंजन_कोथरूड

माझ्याकडे बहिणीच्या लग्नात दोनदा मास्क करून नीट आला होता. तिच्या हातावर मेंदी होती आणि नवऱ्याच्या नव्हती, कदाचित म्हणून मॉडेलला दोन हात वेगळे कळले असतील.

---

मृण्मयी_हस्तोपचार

दादा, तो फोटो टाका. दहातलं कुठलं पेर कुणाचं हे मी आकडे घालून देते. घड्याळ ज्या दोन बोटांवर आलंय ती कुणाची, ते आधी ठरवू.

---

मिरजेचा_फोटोवाला

टाकतो, ताई. त्याच वेळच्या आणखी तीन फ्रेम आहेत, एकीत घड्याळ जरा बाजूला सरकलंय. चारही टाकतो.